मधुमेह आणि जंतुसंसर्ग : न दुखणाऱ्या जखमेची गोष्ट



मधुमेही माणसाला जंतुसंसर्ग लवकर होतो आणि झाला की लवकर हटत नाही, हे आता बहुतेकांच्या कानांवर आलेले असते. तो का होतो, हे विचारले तर मात्र ‘रक्त गोड असते, म्हणून जंतूंना खाद्य मिळते’ असे उत्तर येते. हे उत्तर समजायला सोपे असले तरी अपुरे आहे. खरे कारण जंतूंच्या भुकेपेक्षा आपल्या संरक्षणव्यवस्थेच्या शैथिल्यात अधिक आहे. ते उलगडण्यासाठी मी एका पायापासून प्रारंभ करतो.

छप्पन्न वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ, मधुमेह बारा वर्षांचा. एके दिवशी त्यांच्या पत्नीला फरशीवर ओलसर, तांबूस ठसे दिसले. त्यांचा माग काढता काढता ते यजमानांच्याच पावलाचे निघाले. बाभळीचा काटा चपलेच्या तळव्यातून आरपार जाऊन अंगठ्याच्या मुळाशी रुतला होता आणि तीच चपल घालून ते दोन दिवस शेतात वावरत होते. त्यांना काही जाणवलेच नव्हते. हळद भरून पट्टी बांधली गेली. दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही, असा समज झाला. आठव्या दिवशी ते रुग्णालयात आले, तेव्हाही चालत आले. ताप नव्हता. एरवी 180 च्या आसपास असणारी रक्तशर्करा मात्र 380 वर गेली होती.

यातील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना इजा होते, आणि जे मज्जातंतू सर्वांत लांब, त्यांना ती प्रथम होते. म्हणून बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकते. संवेदनेचे तंतू गेले की काटा कळत नाही. स्नायूंना चालना देणारे तंतू दुर्बल झाले की बोटे वाकडी होतात व तळव्याच्या एखाद्याच जागी शरीराचा सारा भार पडून तेथे घट्टा तयार होतो. घाम आणणारे तंतू निकामी झाले की कातडी कोरडी पडून टाचेला भेगा जातात. अशा रीतीने एकाच आजाराने इजा होण्याची वाट मोकळी केली आणि ती ओळखण्याची खूणही पुसून टाकली.

आता जंतू आत शिरले. निरोगी शरीरात अशा वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, जखमेच्या दिशेने सरकतात, जंतूंना गिळतात आणि पोटात घेऊन मारतात. रक्तशर्करा बरीच वाढलेली असताना ही चारही कामे मंदावतात. त्यातले मारण्याचे काम विशेष पाहण्यासारखे आहे. गिळलेल्या जंतूला मारण्यासाठी पेशी प्राणवायूपासून तीव्र दाहक रसायने तयार करते. त्यासाठी लागणारे एक साहाय्यक द्रव्य वाढलेल्या साखरेची विल्हेवाट लावण्यातही खर्ची पडते. परिणामी पांढऱ्या पेशींची संख्या पुरेशी असूनही त्यांचा मारा दुबळा पडतो. साखर आटोक्यात आली की यांतील बरेचसे दोष सुधारतात, म्हणूनच संसर्गाच्या काळात इन्शुलिन हा प्रतिजैविकांइतकाच महत्त्वाचा उपचार ठरतो.

संसर्ग स्वतःही साखर वाढवतो, कारण शरीरावर ताण आला की इन्शुलिनच्या विरुद्ध कार्य करणारी संप्रेरके स्रवतात. साखर वाढली की पांढऱ्या पेशी आणखी मंदावतात. पायाच्या गंभीर संसर्गातही पुष्कळ रुग्णांना ताप येत नाही. अशा वेळी, आहार व औषध तेच असताना एकाएकी चढलेली साखर हीच धोक्याची घंटा असते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत ती वाजत होती, परंतु ऐकणारे कोणी नव्हते.

तपासणीत जखमेचे तोंड हरभऱ्याच्या डाळीएवढे होते. त्यातून धातूची बोथट, निर्जंतुक सळई अलगद आत घातली तेव्हा ती कठीण पृष्ठभागाला टेकली. संसर्ग हाडापर्यंत पोहोचल्याची ही मोठी खूण होय. क्ष-किरण चित्र पहिले दोन-तीन आठवडे निर्दोष दिसू शकते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून चालत नाही. यानंतरचा प्रश्न रक्तपुरवठ्याचा. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर पांढऱ्या पेशी, प्राणवायू आणि आपण दिलेले औषध, यांपैकी काहीच जखमेपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. सुदैवाने त्यांच्या पावलावरील नाडी हाताला स्पष्ट लागत होती. पू काढून टाकण्यात आला, कुजलेला भाग व अंगठा गेला, खोलवरच्या ऊतकाचा नमुना तपासून प्रतिजैविक ठरविले आणि त्या जागी भार पडू नये म्हणून पाय विशेष प्लास्टरमध्ये ठेवला. जखम भरण्यास तीन महिने लागले. पाऊल वाचले.

बधिरता आली आहे काय, हे घरीही पाहता येते. रुग्णाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून बोटाने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अशा माणसाने चपलेत पाय घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा आणि तळवे रोज आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत.

मूत्रमार्गातही हेच मज्जातंतू प्रकरण बिघडवतात. मूत्राशय भरल्याची जाणीव बोथट होते, ते पूर्ण रिकामे होत नाही आणि साचून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. जळजळ, वारंवार लघवी ही लक्षणे सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या जोडीला थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या असे काही आले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असण्याचा संभव असतो. क्वचित मूत्रपिंडात जंतूंमुळे वायू तयार होतो. हा घातक प्रकार बहुतांशी मधुमेहींतच आढळतो. याउलट, कोणताही त्रास नसताना केवळ तपासणीत जंतू सापडले, तर गर्भारपणासारखे अपवाद सोडता प्रतिजैविके घेऊ नयेत. त्यांनी लाभ होत नाही, जंतू मात्र औषधाला निर्ढावतात.

बुरशीच्या बाबतीत गोड खाद्याचा सिद्धान्त थोडा खरा ठरतो. लघवीतून साखर जाऊ लागली की जननेंद्रियांच्या त्वचेवर बुरशी माजते व असह्य खाज सुटते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची नवी औषधे घेणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो. काळ्या बुरशीचा, म्हणजे म्यूकरमायकोसिसचा, प्रकार याहून फार भयंकर. 2021 मध्ये कोविडच्या लाटेत महाराष्ट्राने तो पाहिला. अनियंत्रित मधुमेह, त्यात स्टेरॉइडने चढलेली साखर, आणि रक्तात आम्लता वाढली की एरवी प्रथिनांना बांधलेले लोह सुटे होऊन या बुरशीला मिळते. गालाला बधिरता, एका बाजूचा चेहरा वा डोळा दुखणे, नाकातून काळसर स्राव, टाळूवर काळा डाग, यांपैकी काही दिसले तर तासांचा हिशेब करावा लागतो.

पण आपल्याकडे नित्य भेटणारी बुरशी असते ती पावसाळ्यात पायाच्या बेचक्यांत. तिला आपण चिखल्या म्हणतो आणि सोडून देतो. ओलसर, पांढुरकी, फाटलेली ती कातडी म्हणजे जंतूंना विनासायास मिळालेले दार असते. तेव्हा मधुमेही व्यक्तीने शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचके कोरड्या फडक्याने टिपावे व डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे. तेल लावायचे ते टाचांना आणि तळव्यांना. बोटांच्या मध्ये नव्हे.