मुलाखत घेणाऱ्यानं गप्प बसायला शिकावं



मुलाखत कशी द्यावी यावर तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. आज मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी काही जण चार-पाच वर्षांत टीम लीड होतील आणि एका सोमवारी एचआर सांगेल, 'उद्या तीन मुलाखती घ्यायच्या आहेत.' मलाही असंच सांगितलं होतं. कोड कसा लिहायचा हे चार वर्षं शिकलो, माणसाला प्रश्न कसा विचारायचा हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे आमच्या ऑफिसात मॅनेजरांसाठी एक प्रशिक्षण झालं. पहिल्याच दिवशी एका सहकाऱ्याला उमेदवार बनवून अर्ध्या तासाची सराव मुलाखत घ्यायला लावली आणि दोघांच्या संमतीनं ती रेकॉर्ड केली. मग माझ्या हातात स्टॉपवॉच देऊन सांगितलं, 'आता स्वतःच्या बोलण्याचा वेळ मोजा.' तीस मिनिटांपैकी सतरा मिनिटं मीच बोललो होतो! कंपनी, प्रोजेक्ट, माझे स्वतःचे अनुभव. समोरच्याला आमच्याबद्दल खूप कळलं, मला त्याच्याबद्दल जवळपास काहीच नाही. तरी बाहेर येताना मला वाटत होतं, मुलाखत छान रंगली. आपणच बोलत असलो की गप्पा रंगल्यासारख्या वाटतातच.

दुसरी चूक माझ्या प्रश्नांत होती. मी विचारलं होतं, 'आमच्याकडे डेडलाइनचं टेन्शन असतं, तुम्हाला जमेल ना?' यावर 'नाही जमणार' असं कोण म्हणेल? त्या 'ना'मध्येच उत्तर दडलेलं आहे. 'तुम्ही टीममध्ये मिळून-मिसळून काम करता, हो ना?' हाही त्याच जातीचा. ओळखायची खूण सोपी आहे: प्रश्न ऐकून हवं असलेलं उत्तर कळत असेल, तर तो प्रश्न नव्हे, ती सूचना आहे.

आम्हाला तोच प्रश्न पुन्हा लिहायला लावला. नवा प्रश्न असा झाला: 'ठरलेल्या तारखेला काम पूर्ण होणार नाही असं लक्षात आलं, असा एखादा प्रसंग सांगा.' इथं चांगलं उत्तर कोणतं हे कळत नाही, त्यामुळे घडलेलंच सांगावं लागतं.

सरावात सहकारी म्हणाला, 'रिलीजच्या दोन दिवस आधी पेमेंटच्या भागात बग सापडला. आम्ही रात्रभर बसलो आणि सोडवला.' पूर्वी मी इथं 'वा!' म्हणून पुढे गेलो असतो. आता विचारलं, 'त्यात तुम्ही स्वतः काय केलं?' तो म्हणाला, 'मी लॉग तपासले.' मी गप्प राहिलो. मनात पाच अंक मोजले. मग तोच बोलू लागला: 'खरं तर तो बदल माझाच होता. मी टेस्ट लिहिली नव्हती. सकाळी मॅनेजरला सांगितलं आणि एक दिवस रिलीज पुढे ढकलायला लावलं.' चूक मान्य करणं आणि वेळेवर कळवणं, हेच तर मला जाणून घ्यायचं होतं. ते शांततेतून मिळालं.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांमध्ये हेच पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबायला शिकल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक झाली.

पण गप्प बसणं म्हणजे पोलिसी चौकशी नव्हे. नवखा उमेदवार शांततेनं घाबरतो. म्हणून सुरुवातीलाच सांगा, 'विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या, मी मध्येमध्ये लिहून घेईन.' नुकताच कॉलेजातून आलेला असेल, तर नोकरीऐवजी फायनल इयरच्या प्रोजेक्टमधला प्रसंग विचारा. शेवटची दहा मिनिटं त्याच्या प्रश्नांसाठी ठेवा. तेव्हा मात्र मोकळेपणानं बोला, कारण नोकरी निवडायची त्यालाही आहे.

आणखी एक सवय लावून घ्या. लिहिताना 'आत्मविश्वास आहे', 'मुलगा चांगला वाटला' असं लिहू नका. तो जे म्हणाला तेच लिहा: 'टेस्ट लिहिली नव्हती, सकाळी कळवलं.' गुण मुलाखत संपल्यावर द्या. सगळ्या उमेदवारांना मुख्य प्रश्न तेच आणि त्याच क्रमानं विचारा. नाहीतर आपल्या कॉलेजचा, आपल्या गावचा, आपल्यासारखं बोलणारा उमेदवार आला की आपण नकळत सोपे, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारतो. दुसऱ्याला कठीण विचारतो. मग निवड मुलाखतीआधीच झालेली असते. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलंय.

पहिली मुलाखत घ्याल, त्याच्या आदल्या रात्री तुमचे प्रश्न मोठ्यानं वाचा. ज्याच्या शेवटी 'ना?' येतो, तो खोडून पुन्हा लिहा.