कानाला खलीजी, डोळ्यांना फुस्हा



आखातात नोकरी ठरली, व्हिसाचे कागद हलायला लागले की आपल्याकडची मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, दोन महिने हातात आहेत. पुस्तकातली अरबी शिकू की तिथे बोलतात ती?" मी काही वर्षं कुवेतमध्ये इमारत-देखभालीच्या कामात दुभाषा होतो आणि आता रत्नागिरीत अरबी शिकवतो. आज या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

आधी हे दोन प्रकार समजून घेऊ. पुस्तकांची, बातम्यांची, सरकारी कागदांची अरबी म्हणजे फुस्हा, प्रमाण अरबी. ती सगळ्या अरब देशांत एकच आहे, पण घरात कोणीही ती बोलत नाही. घरात, दुकानात, फोनवर त्या त्या देशाची बोली चालते. आखाती देशांच्या बोलीला खलीजी म्हणतात. प्रमाण मराठी आणि मालवणी यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याहून हे अंतर बरंच मोठं आहे.

किती मोठं, ते एका प्रसंगातून सांगतो. मंडणगड तालुक्यातला एक तरुण एसी दुरुस्तीच्या कामावर कुवेतला आला. येण्याआधी तीन महिने त्याने मन लावून प्रमाण अरबीचा वर्ग केला होता. अक्षरं येत होती, क्रियापदं पाठ होती. पहिल्याच आठवड्यात एका घरमालकाचा फोन आला. एसी गार करत नव्हता. याने अदबीने सांगितलं, उद्या येतो. समोरून तीनच शब्द आले, "अल-हीन, मू बाचिर." याला त्यातला एकही कळला नाही. तो "हो, हो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्या माणसाने सांगितलं होतं, "आत्ता, उद्या नाही." पुस्तकात 'आत्ता'ला 'अल-आन', 'नाही'ला 'लैसा' आणि 'उद्या'ला 'गदन' असतं. तिन्ही शब्द वेगळे. ऐन उन्हाळ्यात ते घर रात्रभर एसीविना राहिलं आणि तक्रार या मुलाच्या नावावर लागली. त्याच्या मेहनतीत काही कमी नव्हतं, शिकण्याचा क्रम तेवढा उलटा होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, कानाने आणि तोंडाने आधी खलीजी शिका. त्यातही ज्या देशात जाणार आहात तिथली. 'काय' या साध्या शब्दाला कुवेतमध्ये 'शिनू', दुबईकडे 'शू' आणि सौदीत 'वेश' किंवा 'एश' म्हणतात. 'नाही' म्हणजे 'शिल्लक नाही' हे सांगायला कुवेती माणूस 'माकू' म्हणतो, इतरत्र 'मा फी' ऐकू येतं. उच्चारही बदलतात. कॉफीला लिहितात 'कहवा', बोलतात 'गहवा'. कोंबडीला पाटीवर 'दजाज' लिहिलेलं असतं आणि कुवेती गिऱ्हाईक 'दियाय' मागतो.

शिकवणारा नेमकं काय शिकवतो आहे, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याला विचारा, "'मला पाहिजे' कसं म्हणायचं?" उत्तर 'उरीदु' आलं तर ती प्रमाण अरबी. 'आयिझ' आलं तर इजिप्तची बोली, 'बिद्दी' आलं तर सीरिया-लेबनॉनकडची. 'अबी' किंवा 'अबगा' आलं, तर तो खलीजी शिकवतो. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनीही हीच परीक्षा घ्यावी, कारण इजिप्तची अरबी सगळीकडे सहज मिळते आणि तीच आखाताची समजून मुलं पाठ करतात.

तिथे आणखी एक भाषा कानावर पडेल. आपले, केरळचे, बांगलादेशचे, फिलिपिन्सचे कामगार आणि अरब मालक यांच्यात तयार झालेली मोडकी अरबी. "अना फी रूह" म्हणजे मी जातो, "इंता फी रूह" म्हणजे तू जा. त्यात सरळला 'सीदा' म्हणतात, तो आपल्याच 'सीधा'तून गेलेला शब्द आहे. ही भाषा तिथे गेल्यावर आपोआप येते, तिच्यासाठी इथे वेळ घालवू नका. बांधकामावर, मजुरांच्या कॅम्पमध्ये हिंदी आणि या मोडक्या अरबीवर भागतं. पण घरोघरी जाणारा मेकॅनिक, घरगुती ड्रायव्हर, दुकानातला विक्रेता यांना मालक आणि गिऱ्हाईक आपापसात काय बोलतात तेही कळावं लागतं. तिथे खलीजीच लागते.

मग प्रमाण अरबी सोडून द्यायची का? नाही. ती डोळ्यांसाठी ठेवा. पाट्या, अर्ज, पावत्या, करार, सगळं प्रमाण अरबीतच असतं. त्यासाठी व्याकरण नको. २८ अक्षरं, दहा आकडे आणि पंचवीसेक शब्द पुरतात. जे लहानपणी मदरशात कुराण वाचायला शिकले, त्यांचं अक्षरांचं काम आधीच झालेलं आहे. एवढंच लक्षात ठेवा की पाट्यांवर जेर-जबरच्या खुणा नसतात.

आकड्यांकडे विशेष लक्ष द्या. अरबी लिपीत शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि पाच म्हणजे आपल्या शून्यासारखं वर्तुळ. कागदावर एक, मग वर्तुळ, मग ठिपका दिसला तर तो आकडा दीडशे. आपल्या सवयीने वाचाल तर पगाराचा आकडाच चुकेल. मजकूर उजवीकडून वाचायचा, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून.

शब्दांत 'ममनूअ' म्हणजे मनाई, 'खतर' म्हणजे धोका आणि 'मखरज' म्हणजे बाहेरचा रस्ता, हे आधी. मग करारातले शब्द. आपण दुधाचा रतीब लावतो, तोच अरबी 'रातिब' तिथे पगार होतो. पण सगळेच ओळखीचे शब्द सरळ नसतात. अरबी 'करार' म्हणजे निर्णय. आपल्या कराराला 'अक्द' म्हणतात. 'रकम' म्हणजे पैसे नव्हेत, क्रमांक.

एवढ्यावर करार वाचता येईल असं मात्र समजू नका. कुवेतच्या २०१० च्या कामगार कायद्यानुसार करार अरबीत लागतो, सोबत भाषांतर चालतं, पण वाद झाला तर अरबी मजकूरच खरा धरतात. पगाराचा आकडा दोन्ही बाजूंना एकच आहे का, हे तुम्ही स्वतः पाहू शकाल. बाकी मजकूर सहीआधी जाणत्या माणसाकडून वाचून घ्या.

आता दोन महिन्यांचा हिशेब. रोज एक तास काढा. पहिले चार आठवडे पूर्ण तास ऐकणं आणि बोलणं. आकडे, वेळ, पत्ता आणि तुमच्या कामाची तीसेक वाक्यं. पुढचे चार आठवडे अर्धा तास बोलणं, अर्धा तास वाचणं. रोज चार अक्षरं घेतलीत तर आठवड्यात २८ होतात, उरलेल्या तीन आठवड्यांत आकडे आणि शब्द.

आणि निघण्याच्या आठ दिवस आधी एक परीक्षा घ्या. तिथे राहिलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करायला सांगा. त्याने खलीजीत दहा निरोप द्यावेत, कुठे यायचं, किती वाजता, काय बिघडलंय. तुम्ही ते मराठीत लिहून घ्या. आठ बरोबर आले तर तयारी झाली. कमी आले तर पुस्तक मिटा आणि उरलेले आठही दिवस फक्त ऐका. आणि निरोप कळला नाही तर "हो" म्हणू नका, पुन्हा विचारा.