दोन रेघा आणि लांबलेली पाळी



आपल्या मुळशी तालुक्यात आता हिंजवडीच्या औषधाच्या दुकानात गर्भतपासणीचं किट मिळतं आणि दुर्गम वाडीवर आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असतं. त्यामुळे दिवस गेल्याचं पाळी चुकल्याच्या दिवशीच कळू शकतं. त्याबरोबर एक अनुभवही वाढला आहे. किटवर दोन रेघा येतात, घरात आनंद होतो आणि चार दिवसांनी पाळी येते, नेहमीपेक्षा जरा जास्त. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

समजा, एका बाईची पाळी २८ दिवसांची आहे. चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीजांड सुटलं, गर्भनलिकेत फळलं आणि तेविसाव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयाच्या अस्तरात रुजलं. रुजल्यावरच त्यातून एचसीजी नावाचं संप्रेरक स्रवू लागतं. किट तेच ओळखतं. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी तिने तपासणी केली, तेव्हा दुसरी रेघ फिकट का होईना, पण वेळेत उमटली. म्हणजे गर्भ राहिला होता. तो तिचा भास नव्हता आणि किटही चुकलं नव्हतं.

एचसीजीचं काम अंडाशयाला निरोप देण्याचं: प्रोजेस्टेरॉन चालू ठेव, अस्तर सांभाळ. गर्भाची वाढ थांबली की हा निरोप क्षीण होतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर सुटतं. आपल्या उदाहरणातल्या बाईला तेहतिसाव्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला. अस्तर चार दिवस जास्त टिकून जाड झालं होतं, म्हणून पोटात कळा अधिक आल्या आणि गुठळ्याही पडल्या. यालाच डॉक्टर ‘केमिकल प्रेग्नन्सी’ म्हणतात. यात बाहेरच्या रसायनाचा काही संबंध नाही. गर्भ सोनोग्राफीत दिसण्याआधीच संपला, फक्त तपासणीत कळला, एवढाच त्याचा अर्थ.

हे किती वेळा घडतं? १९८८ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या २२१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या मूल होण्यासाठी प्रयत्न करत होत्या आणि रोज लघवीचा नमुना ठेवत होत्या. १९८ गर्भधारणा आढळल्या. त्यांतल्या २२ टक्के एरवी लक्षात येण्याआधीच संपल्या होत्या. आपल्या आज्यांनाही हे झालं असणार. त्यांनी ‘यंदा पाळी लांबली’ एवढंच म्हटलं असेल.

बहुतेक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडात असतं. हा बिघाड बीज तयार होताना किंवा फळताना योगायोगाने होतो. म्हणून सासूबाईंनी पपईला, नवऱ्याने ताम्हिणी घाटातल्या प्रवासाला किंवा तिने स्वतः उचललेल्या हंड्याला दोष देऊ नये. मात्र दुःख खरं आहे. ‘अजून होतंच काय’ असं कुणी तिला म्हणू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रक्तस्राव सुरू झाला म्हणजे प्रकरण संपलं, असं धरून चालू नका. गर्भ नलिकेत रुजला असेल, तरी सुरुवात अशीच होते: फिकट रेघ, मग रक्त. दोहोंतला फरक एचसीजीच्या चालीवरून कळतो. डॉक्टर रक्तातलं प्रमाण ४८ तासांच्या अंतराने दोनदा बघतात. समजा, आधी ४० आणि नंतर १५ आलं, तर ते उतरतं आहे. ५ च्या खाली जाईपर्यंत नजर ठेवली की पुरे. सहसा औषध लागत नाही आणि पिशवी साफ करावी लागत नाही. पण आकडा रेंगाळला किंवा वाढला, तर नलिकेतला गर्भ आहे का, हे शोधावंच लागतं.

रक्ततपासणी जमली नाही, तर रक्तस्राव सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांनी घरीच किट पुन्हा वापरा. रेघ पाकिटावर सांगितलेल्या वेळेतच वाचा; उशिरा उमटलेली पुसट रेघ धरू नका. तपासणीत अजूनही दोन रेघा आल्या, तर डॉक्टरांकडे जा. एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्यात कळ, चक्कर, किंवा सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजणं, यांतलं काहीही दिसलं तर रेघेची वाट बघू नका. त्याच वेळी गाडी काढा आणि दवाखान्यात पोचल्यावर ‘माझी तपासणी पॉझिटिव्ह आली होती’ हे पहिलं वाक्य सांगा.

तपासणी निगेटिव्ह झाली की दोन ते चार आठवड्यांत पुन्हा बीजांड सुटू शकतं. मन तयार असेल, तर पुढच्या महिन्यात प्रयत्न करायला हरकत नसते. फॉलिक अॅसिडची गोळी चालू ठेवा. असं एकदा झालं, तर बहुधा मोठ्या तपासण्यांची गरज नसते. पुन्हा घडलं, तर दोन्ही वेळच्या तारखा घेऊन नवरा-बायकोने मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं.