गेस्टनं त्रास दिला तर…

आपल्या गावांतल्या कितीतरी मुली पुण्याच्या हॉटेलांत खोल्या साफ करायला जातात. त्यांच्यासाठी आज आम्ही बोलणार आहोत.

समजा, पुणे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आपली एक मुलगी तिसऱ्या मजल्यावर चादरी बदलते आहे. गेस्टनं तिचा हात धरला, घाण बोलला. ती बाहेर पळाली. सुपरवायझर म्हणाला, "जाऊ दे, गेस्ट आहे, दुपारी जाईलच." गोम इथेच आहे! तो गेला की काम अवघड होतं. त्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत काउंटरवर असते आणि कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून खोली नंबर, वेळ, तो काय बोलला आणि कुणी पाहिलं, हे तिनं त्याच दिवशी लिहून मॅनेजरला द्यावं. चित्रण जपून ठेवा, असंही त्यात लिहावं. कागदाची एक प्रत सही-तारखेसह आपल्याजवळ ठेवावी. सही देत नसतील तर मोबाईलवर फोटो काढून पाठवावा.

कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. त्यात बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं हे मालकाचं काम सांगितलं आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती हवीच, आणि तिची प्रमुख बाईच असते. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची, असं कायदाच सांगतो. ठेकेदाराकडून आलेली बाईही यात धरली आहे, त्यामुळे "तू आमची नाहीस" हे उत्तर चालत नाही.

पण समितीची एक मर्यादा ध्यानात ठेवा. कामगारानं त्रास दिला तर त्याच्यावर कारवाईची शिफारस ती करू शकते. गेस्टचा पगार कोण कापणार? त्याच्यासाठी पोलीसच. बाईची इच्छा असेल तर पोलीस तक्रारीसाठी मालकानं पुढाकार घ्यायचा, हेही कायद्यात आहे. मालक टाळत असेल तर ती स्वतः ११२ लावू शकते किंवा कुठल्याही पोलीस ठाण्यात जाऊ शकते. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी.

लहान लॉजवर समिती नसते, कधी मालकच त्रास देतो. तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी.

आणि हो, तक्रार केली म्हणून तिलाच रात्रपाळीला टाकलं, तर? चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा बाई स्वतः लेखी मागू शकते. तिनं न मागता तिला हलवलं, तर तेही लिहून समितीला द्यावं.