भागीदारीचा कागद आधी, डाळ मिल नंतर

केळझरहून मी तुमची गट समन्वयक बोलते आहे.

तूर घरात आली की आपल्याकडे एक विषय हमखास निघतो. कच्ची तूर विकण्यापेक्षा तिघी-चौघी मिळून लहान डाळ मिल टाकायची का? मागच्या मासिक सभेत एका ताईने विचारलं, "मॅडम, आम्ही एकाच गटातल्या, एकमेकींना लहानपणापासून ओळखतो. मग करारनामा कशाला?"

ताई, बचत गट वेगळा आणि भागीदारी वेगळी. गटातून तुम्ही कर्ज काढून मिलमध्ये पैसा घातला, तर गटाला ते कर्ज तुमचं एकटीचंच राहतं. आणि भागीदारीत कागद केला नाही, तर भांडणाच्या वेळी १९३२ चा भागीदारी कायदा तुमच्यासाठी नियम ठरवतो. तो काय ठरवतो, हे आज एका हिशोबातून पाहू.

समजा तिघी आहेत. त्यांना आपण थोरली, मधली आणि धाकटी म्हणू. थोरलीने १ लाख रुपये घातले, मधलीने ५० हजार आणि धाकटीने ५० हजार. एकूण भांडवल झालं २ लाख. मिल रोज चालवते ती धाकटी. तूर भिजवणं, वाळवणं, मशीनवर उभं राहणं, सगळं तिच्याकडे. वर्षाच्या शेवटी खर्च वजा जाता ९० हजार उरले. आता कोणाला किती?

कागद नसेल तर कायदा सांगतो, तिघींना सारखे, म्हणजे ३०-३० हजार. भांडवल कमी-जास्त असलं तरी वाटा सारखाच. भांडवलावर व्याज नाही आणि काम करणारीला मजुरीही नाही. थोरली म्हणेल, "निम्मा पैसा माझा." धाकटी म्हणेल, "वर्षभर भुसा मी खाल्ला." दोघींचंही खरंच आहे.

म्हणून करारनाम्यात आधी तीन गोष्टी लिहायच्या: भांडवलावर व्याज किती, काम करणारीला महिना किती आणि उरलेला नफा कसा वाटायचा. समजा व्याज वर्षाला १० टक्के ठरलं. थोरलीला १० हजार, बाकी दोघींना ५-५ हजार. धाकटीला हंगामाचे १० महिने ४ हजारांप्रमाणे ४० हजार. असे ६० हजार गेले, उरले ३० हजार. ते तिघींत १०-१० हजार. मग थोरलीच्या हाती २० हजार, मधलीच्या १५ आणि धाकटीच्या ५५. पैसा आणि मेहनत, दोन्हीला वेगळं माप मिळालं. नफा कमी झाला किंवा झालाच नाही, तर मजुरी आणि व्याज द्यायचं की नाही, हेही त्याच ओळीखाली लिहा.

आता कामाचे नियम. भागीदारीत एकीने व्यवसायासाठी केलेली उधारी सगळ्यांवर येते. व्यापारी ती पूर्ण रक्कम तिघींपैकी कोणा एकीकडूनही मागू शकतो. तेव्हा घर, वावर पणाला लागतं. म्हणून लिहा की बँकेच्या खात्यावर दोघींच्या सह्या लागतील, आणि ५ हजारांवरची उधारी एकटीने करायची नाही. खतावणी कोण लिहील आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला तिघी मिळून ती पाहतील, हेही लिहा. एक लक्षात ठेवा, हा नियम तुमच्या आपसातला आहे. ज्या व्यापाऱ्याला तो माहीतच नाही, त्याला तो दाखवून पैसे बुडवता येणार नाहीत. म्हणून नेहमीच्या व्यापाऱ्याला तो आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते कोणी बाहेर पडताना. समजा दोन वर्षांनी मधलीच्या घरच्यांची बदली पुण्याला झाली. ती म्हणते, "माझे ५० हजार परत द्या." पण तिचे ५० हजार आता पेटीत नाहीत. ते मशीनमध्ये आहेत, तुरीत आहेत, उधारीत आहेत. म्हणून त्या दिवसाचा हिशोब मांडायचा. मशीनची आजची किंमत १ लाख १० हजार, माल ८० हजार, येणं ३० हजार, बँकेत ४० हजार. एकूण २ लाख ६० हजार. त्यातून देणं ३० हजार वजा केलं, उरले २ लाख ३० हजार. भांडवल २ लाख, म्हणजे वर ३० हजार आहेत. त्यातला तिचा वाटा १० हजार. मधलीला मिळायचे ६० हजार.

पण बँकेत तर ४० हजारच आहेत! एकदम दिले तर मिल बंद पडेल. म्हणून करारात लिहायचं की बाहेर पडणारीने तीन महिने आधी लेखी कळवावं, मशीनची किंमत कोण ठरवेल, निम्मे पैसे महिन्याभरात द्यावेत आणि उरलेले चार तिमाही हप्त्यांत. इथे ३० हजार आधी, मग साडेसात हजारांचे चार हप्ते. असं काही लिहिलं नसेल आणि बाकीच्यांनी हिशोब न करता मिल चालू ठेवली, तर कायदा मधलीला निवड देतो. तिच्या पैशावर झालेला नफा घ्यावा, नाहीतर वर्षाला ६ टक्के व्याज. पण तो नफा सिद्ध करायला पुन्हा वहीच लागते.

मधलीनेही एक काळजी घ्यायची. ती असतानाचं कर्ज, बँकेने किंवा व्यापाऱ्याने तिला मोकळं केल्याशिवाय तिच्यावरून उतरत नाही. आणि ती निघाल्याची जाहीर सूचना दिली नाही, तर पुढची उधारीही तिच्या दारात येऊ शकते. संस्था नोंदवलेली असेल तर ही सूचना निबंधकांकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी वर्तमानपत्रात द्यावी लागते.

शेवटी बंद करण्याचा हिशोब. वेगळं काही लिहिलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनेही भागीदारी संपते. मिल चालू ठेवायची असेल तर तसं लिहा, आणि वारसाला पैसे कसे देणार तेही. मिल विकून बंद केली तर आधी बाहेरचं देणं, मग भागीदाराने भांडवलावर जास्तीचे दिलेले उसने, मग भांडवल. समजा सगळं विकून १ लाख ४० हजार आले आणि ३० हजार देणं फेडलं. उरले १ लाख १० हजार. भांडवल २ लाख, तोटा ९० हजार. नफा सारखा वाटायचा ठरला होता, म्हणून तोटाही सारखा, ३०-३० हजार. थोरलीला ७० हजार आणि बाकी दोघींना २०-२० हजार. खूप जणींना वाटतं तोटा भांडवलाप्रमाणे वाटतात. तसं हवं असेल तर तसं लिहावं लागेल.

हा कागद मुद्रांकावर करा. शुल्क भांडवलावर ठरतं, ते आधी विचारून घ्या. मग भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदणी करा. नोंदणी सक्तीची नाही. पण ती नसेल तर व्यापाऱ्याने डाळीचे पैसे बुडवल्यास शंभर रुपयांवरच्या रकमेसाठी संस्थेला त्याच्यावर दावा करता येत नाही. आपल्या राज्यात तर १९८४ च्या दुरुस्तीमुळे बिननोंदणीच्या भागीदाराला संस्था मोडायला किंवा आपला हिशोब मागायलाही कोर्टात जाता येत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती तरतूद रद्द केली. पण संस्था चालू असताना करारातला आपला हक्क मागायला आजही नोंदणी लागते.

सही करण्याआधी एक करा. कागद एकीने मोठ्याने वाचावा, आणि प्रत्येकीने सांगावं, "उद्या मी निघाले तर मला किती मिळतील आणि कधी?" तिघींचं उत्तर एकच आलं तर सही करा. वेगळं आलं तर ते कलम पुन्हा लिहा.