नाव, लेबल, फोटो आणि वेबसाइट : तीन लाखांची वाटणी



ब्रँडिंगच्या कामाबद्दल बोल, असं संयोजकांनी सांगितलं. मी एकच हिशेब मांडतो. सिंधुदुर्गातली दोन भावंडं कोकम सरबत आणि आमसुलं बाजारात आणणार होती. पहिल्या वर्षाच्या ब्रँडसाठी त्यांच्याकडे तीन लाख रुपये होते, आणि त्यातले निम्मे ती वेबसाइटवर घालायला निघाली होती.

मी आधी नावाचं विचारलं. ते म्हणाले, ‘रातांबा’. गोड नाव आहे, पण रातांबा म्हणजे कोकमाचं फळच. मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दाची ट्रेडमार्क नोंदणी सहसा नाकारली जाते. ‘पागोळी’सारखा, फळाशी संबंध नसलेला शब्द टिकतो. तरीही ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर सारख्या उच्चाराची नावं शोधावी लागतात. सरबत वर्ग 32 मध्ये, आमसुलं 29 मध्ये. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये, म्हणजे दोन्हींचे मिळून 9,000. शोध, वकील आणि फी धरून नावाला 45,000 ठेवले. हे सगळ्यात आधी, कारण लेबलं छापून झाल्यावर नाव बदललं तर पुढचा सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

लोगो आणि लेबलला 90,000. त्यात एक अट घातली : लोगोचे हक्क डिझायनरने लेखी लिहून द्यायचे. नुसते पैसे दिल्याने ते आपोआप आपले होतात, असं धरून चालू नये. लेबलचा नमुना बाटलीला चिकटवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायला लावला. साधा कागद सकाळी कडेला सुटला होता.

फोटोंना 75,000. मला विचाराल तर इथे हात आखडू नये. भरलेल्या बाटलीतलं कोकम समोरच्या उजेडात चक्क काळं दिसतं, काकवीसारखं! मागून उजेड दिला, बाटलीमागे पांढरा कागद लावला आणि शेजारी पाणी घातलेला पेला ठेवला, की तो लाल रंग दिसतो. मोबाइलवर गिऱ्हाईक तेवढंच बघतं. एका दिवसात वीस उपयोगी फोटो मिळाले, तेच वेबसाइटला आणि दुकानदारांना पाठवायच्या पत्रकालाही पुरले.

वेबसाइटला 40,000 पुरेसे होते. माल दोनच, ऑर्डरी बहुतेक व्हॉट्सॲपवर. मात्र डोमेन स्वतःच्या नावावर घ्यायला सांगितलं, बनवणाऱ्याच्या नाही.

उरलेले पन्नास हजार मुद्दाम हातात ठेवले. दोन महिन्यांतच गिऱ्हाइकं विचारू लागली, ‘पाणी किती घालायचं?’ ते लेबलवर नव्हतंच. पुढच्या छपाईत पेल्याचं छोटं चित्र घातलं : एक भाग सरबत, चार भाग पाणी.