गुणपत्रिकेतला ‘फर्स्ट क्लास’ रशियन भाषेत नेताना



चिखलदऱ्याच्या आपल्याच भागातली एक मुलगी मागच्या वर्षी माझ्याकडे आली. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली, पुढच्या शिक्षणासाठी रशियाला निघालेली. गुणपत्रिकेचं भाषांतर आधी एका ठिकाणी पैसे देऊन करून घेतलं होतं, आणि ते परत आलं होतं. अर्जाची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. मी रशियन भाषांतराचं काम करते, म्हणून तिच्या आईनं ते कागद माझ्यापुढे ठेवले.

पहिल्याच पानावर चूक दिसली. ‘फर्स्ट क्लास’ला त्यांनी ‘पेर्वी क्लास’ लिहिलं होतं. शब्द बरोबर, अर्थ भलताच! रशियात ‘पेर्वी क्लास’ म्हणजे शाळेतली पहिली इयत्ता. तसंच ‘प्रॅक्टिकल’चं केलं होतं ‘प्राक्तिका’. त्यांच्याकडे प्राक्तिका म्हणजे कारखान्यात किंवा रुग्णालयात जाऊन केलेला अनुभवाचा काळ. आपलं प्रॅक्टिकल प्रयोगशाळेतलं, म्हणून तिथं ‘प्रयोगशाळेतील काम’ असंच लिहावं लागतं. ‘पेपर १’चा तर चक्क ‘कागद १’ झाला होता. आणि ‘मराठी’ हा विषय नुसता ठेवला तर वाचणाऱ्याला तो कशाचा ते कळत नाही. ‘मराठी भाषा’ असं लिहायला हवं.

पण खरी अडचण गुणांची होती. रशियात सहसा शेकडेवारी नसते, पाचाची मोजणी असते. ५ म्हणजे उत्तम, ४ चांगलं, ३ समाधानकारक आणि २ म्हणजे नापास. काही विषयांना आकडाच नसतो, नुसतं ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’. आपल्या मुलीला रसायनशास्त्रात १०० पैकी ६२ होते. भाषांतर करणाऱ्यानं सरळ त्रैराशिक मांडलं. १०० ला ५, तर ६२ ला ३.१, आणि लिहून टाकले ३. आपल्याकडे प्रथम श्रेणीचे गुण, तिकडे जेमतेम पास! हिशेब चुकतो कारण दोन्हीकडची पट्टी वेगळी आहे. तिच्या गुणपत्रिकेवर पास होण्याची सीमा ४० होती आणि प्रथम श्रेणी ६० पासून होती. त्यांच्याकडे पास होणाऱ्यांसाठी ३, ४ आणि ५ अशा तीनच पायऱ्या आहेत.

मग ६२ ला ४ लिहायचे का? तेही नाही. भाषांतर करणाऱ्यानं गुण बदलायचेच नसतात. मूळ कागदावर ६२ असेल तर भाषांतरातही ६२ च. त्याचा तिथला भाव ठरवणं हे प्रवेश देणाऱ्या संस्थेचं काम. आपण खाली ‘भाषांतरकाराची टीप’ असं स्पष्ट म्हणून एवढंच लिहायचं: कमाल गुण १००, पास होण्यासाठी किमान ४०, ६० पासून प्रथम श्रेणी. ही माहिती मनानं घालायची नाही. बहुतेक गुणपत्रिकांच्या मागच्या बाजूला श्रेणीचा तक्ता छापलेला असतो, तोच घ्यायचा. म्हणून झेरॉक्स काढताना मागची बाजू विसरू नका. या मुलीनं नेमकी तीच सोडली होती.

आता नावाचं. आपल्याकडे मुलीच्या नावानंतर वडिलांचं नाव येतं, लग्नानंतर कितीतरी जणी नवऱ्याचं लावतात. रशियन माणूसही मधे वडिलांचं नाव लावतो, पण त्याला प्रत्यय जोडून. मग ‘वैशाली रमेश’ची कुणी ‘वैशाली रमेशेव्ना’ करतं, आणि पासपोर्टशी नाव जुळत नाही. आणि रमेश नवरा असेल, तर कागदावर तो बाप होऊन बसतो! नाव पासपोर्टावर आहे तसंच, एकही अक्षर न वाढवता रशियन लिपीत उतरवायचं, आणि पदवी, गुणपत्रिका, पासपोर्ट या सगळ्यांच्या भाषांतरात अगदी एकसारखं ठेवायचं.

शेवटचं, क्रमाचं. आधी राज्य शासनाकडून पदवीची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ शिक्का, आणि भाषांतर त्यानंतर. भारत आणि रशिया दोघेही अपोस्टिलच्या करारात आहेत, म्हणून हा शिक्का तिथं चालतो. आधी भाषांतर केलं तर हा शिक्का भाषांतराबाहेर राहतो. कागदावरचा प्रत्येक शिक्का, सही, मागचा मजकूर हे सगळं भाषांतरात यावं लागतं. आणि भाषांतरावर रशियातल्या नोटरीची सही हवी, की इथली चालेल, हे पैसे देण्याआधी त्या विद्यापीठालाच पत्र पाठवून विचारा. रशियातला नोटरी भाषांतर करणाऱ्याच्या सहीची खात्री देतो, त्यामुळे इथून केलेलं काम कधी तिथं पुन्हा करावं लागतं.

आम्ही दोघींनी बसून सगळं भाषांतर नव्यानं केलं. ६२ चे ६२ च राहिले, खाली तीन ओळींची टीप आली. मुदतीच्या आदल्या दिवशी कागद गेले, आणि या वेळी परत आले नाहीत.

तुमच्या घरी असा कागद तयार होऊन आला, तर रशियन येत नसलं तरी आकडे तुम्हाला वाचता येतात. मूळ गुणपत्रिका शेजारी ठेवा आणि एकेक आकडा जुळवून पाहा. एक जरी बदललेला दिसला, तर तो कागद पुढे पाठवू नका.